क्लासिकल आणि पॉझिटिव्हिस्ट स्कूल: तुलनेच्या उत्तरात या चुका टाळा

क्रिमिनॉलॉजीच्या प्राथमिक पेपरात क्लासिकल आणि पॉझिटिव्हिस्ट या दोन स्कूलांची, म्हणजे गुन्ह्याविषयीच्या दोन विचारधारांची, तुलना विचारली, की बहुतेक उत्तरपत्रिकांत दोन रकाने आखलेले दिसतात. डावीकडे बेकारिया, 1764, इच्छास्वातंत्र्य, शिक्षा. उजवीकडे लोम्ब्रोसो, 1876, नियतिवाद, उपचार. यातला एकही शब्द चुकीचा नसतो, तरी मार्क अर्ध्यावर अडकतात. एका ओळीतून दुसरी कशी निघते हे त्यात कुठेच आलेलं नसतं.

धागा साधा आहे. क्लासिकल स्कूल गुन्ह्याकडे बघते, पॉझिटिव्हिस्ट स्कूल गुन्हेगाराकडे. माणूस नफा-तोटा तोलून वागतो असं मानलं, तर तोट्याची रक्कम आधीच जाहीर करून ठेवली की काम भागतं, म्हणून शिक्षा कृत्याच्या प्रमाणात आणि सगळ्यांना सारखी. वागणं शरीर, मन आणि परिस्थितीतून घडतं असं मानलं, तर आधी त्या माणसाची तपासणी हवी, म्हणून उपाय माणसागणिक वेगळा. हे दोन ‘म्हणून’ उत्तरात दिसले पाहिजेत.

चूक पहिली: क्लासिकल म्हणजे कठोर, पॉझिटिव्हिस्ट म्हणजे दयाळू

सगळ्यात जास्त मार्क इथे जातात. ‘शिक्षा’ आणि ‘उपचार’ हे शब्द समोरासमोर आले की विद्यार्थी एकाला खलनायक करून टाकतो. प्रत्यक्षात बेकारियाने छळ करून कबुली घेण्याला आणि जवळजवळ सर्व प्रसंगी फाशीला विरोध केला. गुन्ह्याला आळा बसतो तो शिक्षा नक्की आणि लवकर होण्याने, ती भयंकर असण्याने नव्हे, हा त्याचा मुख्य मुद्दा. ‘बेकारियाच्या मते कडक शिक्षेने जरब बसते’ असं वाक्य लिहिलंत, तर परीक्षकाला तिथेच कळतं की नोट्स वरवर चाळल्या आहेत.

उलट बाजूला गारोफालो. तो पॉझिटिव्हिस्ट, पण समाजात राहायला कायमचा अपात्र ठरलेल्या गुन्हेगाराला समाजातून काढून टाकावं असं सांगणारा, आणि त्या काढून टाकण्यात मृत्युदंडही होता. शिवाय शिक्षा माणूस किती धोकादायक आहे यावर ठरली, की किरकोळ गुन्ह्यासाठीही अनिश्चित काळ आत राहण्याची वेळ येऊ शकते. पॉझिटिव्हिस्ट विचारावरची सर्वांत वजनदार टीका हीच आहे.

गोव्यातल्या विद्यार्थ्याला हाताशी ठेवण्यासारखा एक दाखला: पोर्तुगालने सामान्य फौजदारी गुन्ह्यांसाठीची फाशी 1867 मध्ये रद्द केली. लोम्ब्रोसोचा ग्रंथ यायला तेव्हा नऊ वर्षं बाकी होती, म्हणजे फाशीला विरोध पॉझिटिव्हिस्टांची वाट बघत थांबला नव्हता.

चूक दुसरी: पॉझिटिव्हिस्ट म्हणजे लोम्ब्रोसोची कवटी

गुन्हेगार जन्मजात असतो आणि शरीरावरून ओळखता येतो हा लोम्ब्रोसोचा दावा. जन्मजात गुन्हेगार, पुढे आलेला जबडा, लांब हात, एवढं लिहून विषय संपवला जातो. लोम्ब्रोसोने स्वतःच पुढच्या आवृत्त्यांत माघार घेतली आणि जन्मजात गुन्हेगारांचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशावर आणलं. 1913 मध्ये इंग्लंडमध्ये चार्ल्स गोरिंगने कैद्यांची मापं घेऊन तुलना केली आणि वेगळा असा शारीरिक ‘गुन्हेगार नमुना’ नाकारला. पण लोम्ब्रोसो पडला म्हणून स्कूल पडली नाही, कारण तिचा कणा पद्धतीत आहे: निरीक्षण करा, मोजा, कारण शोधा.

यासाठी याच स्कूलचा एन्रिको फेरी वाचायलाच हवा. त्याने गुन्ह्याची कारणं तीन गटांत ठेवली: व्यक्तीची शारीरिक-मानसिक घडण, हवामानासारखे भौतिक घटक आणि सामाजिक घटक. त्यावर त्याचा उपाय असा, की गुन्हा घडण्याआधीच परिस्थिती बदला, अगदी रस्त्यावर पुरेसे दिवे लावण्यापर्यंत. उत्तरात फेरीला दोन वाक्यं दिलीत तरी वजन पडतं.

चूक तिसरी: लहान मूल आणि मनोरुग्णाला सूट म्हणजे पॉझिटिव्हिझम

ही सूट निओ-क्लासिकल, म्हणजे क्लासिकल विचारातच नंतर झालेली दुरुस्ती आहे. फ्रान्सच्या 1791 च्या संहितेने क्लासिकल तत्त्व शब्दशः घेतलं: प्रत्येक गुन्ह्याला ठरलेली शिक्षा, न्यायाधीशाच्या हाती जवळजवळ काहीच नाही. हे चालेना, म्हणून 1810 च्या संहितेत किमान आणि कमाल मर्यादा आल्या. इच्छास्वातंत्र्य हाच नियम राहिला, फक्त वय आणि मनाची स्थिती यांना अपवाद मिळाला. शंका आली तर विचारा: इथे इच्छास्वातंत्र्य गृहीत धरून अपवाद दिला आहे, की इच्छास्वातंत्र्यच नाकारलं आहे? पहिलं असेल तर निओ-क्लासिकल.

एक प्रकरण सोडवून बघू

समजा, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात 19 वर्षांच्या मुलाने 12,000 रुपयांचा मोबाईल लांबवला. पहिलाच गुन्हा, घरी कमावणारं कोणी नाही. ‘दोन्ही स्कूल काय म्हणतील?’ असा प्रश्न आला, की बरेच जण लिहितात, ‘क्लासिकल स्कूल गरिबी मानत नाही.’ हे चूक. चोरी बहुधा दारिद्र्य आणि निराशेतून होते हे बेकारियाने स्वतः लिहिलं आहे. म्हणूनच पैशाच्या दंडाने चोऱ्या वाढतील असं सांगून त्याने बळजबरी नसलेल्या चोरीसाठी ठराविक मुदतीची सक्तमजुरी सुचवली. फरक असा, की तो गरिबीचा विचार कायदा करताना, सगळ्या चोरांसाठी एकदाच करतो. म्हापशातल्या या मुलाच्या घरी कोण कमावतं हे न्यायाधीशाने शोधत बसावं, असं त्याला वाटत नाही.

फेरी नेमकं तेच शोधायला सांगेल. मुलगा प्रासंगिक गुन्हेगार आहे की सराईत होण्याच्या वाटेवर, संगत कुणाची, काम का मिळालं नाही. आणि उत्तर मिळाल्यावर शिक्षेऐवजी उपाय.

आता आपला कायदा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 303(2) खाली साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. कृत्यानुसार आधीच जाहीर केलेली कमाल मर्यादा हा क्लासिकल वारसा, आणि त्या मर्यादेच्या आत न्यायाधीशाला मोकळीक हा निओ-क्लासिकल. पण मुलगा 21 च्या खालचा आहे. 1958 च्या प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स ॲक्टचं कलम 6 सांगतं, की दोषी ठरलेल्या अशा मुलाला कैदेत पाठवण्याआधी न्यायालयाने प्रोबेशन अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा आणि त्याचं चारित्र्य व शारीरिक-मानसिक स्थिती लक्षात घ्यावी. हा सरळ पॉझिटिव्हिस्ट ठसा.

तोच मोबाईल 4,000 चा असता तर? 5,000 पेक्षा कमी किमतीची चोरी, पहिलीच दोषसिद्धी आणि वस्तू किंवा किंमत परत केलेली, अशा वेळी 303(2) सामुदायिक सेवेची शिक्षा सांगतं. किमतीची मर्यादा कृत्य मोजते, ‘पहिल्यांदा’ ही अट माणसाकडे बघते. दोन्ही विचार एकाच पोटकलमात शेजारी बसलेत, आणि ‘आजच्या कायद्यात कोणती स्कूल दिसते?’ या उपप्रश्नाला हेच दाखवायचं असतं. ‘दोन्हींचा मिलाफ आहे’ एवढं मोघम वाक्य टाकून थांबलात, तर एक मार्क मिळेल, फार तर दीड.