गरोदरपणातली जळजळ, गॅस आणि खडा: एकाचा उतारा दुसऱ्याचं कारण होऊ नये, म्हणून या चुका टाळा

गरोदरपणात छातीत जळजळतं, पोट फुगतं आणि शौचाला खडा होतो. या तिन्ही तक्रारींवर घराघरांत वेगवेगळे उपाय चालतात. जळजळीला सोडा, गॅसला ओव्याचा काढा, पोट साफ व्हायला एरंडेल. पण तिन्हींचं मूळ बरंचसं एकच आहे. गर्भ टिकावा म्हणून शरीरात प्रोजेस्टेरॉन वाढतं आणि ते गर्भाशयाबरोबर अन्ननलिकेचे, आतड्यांचे स्नायूही सैल करतं. अन्ननलिका जठराला मिळते तिथली झडप ढिली पडली की आम्ल वर येतं. आतडं मंद चाललं की अन्न जास्त वेळ रेंगाळतं, गॅस साठतो आणि मोठं आतडं मळातलं पाणी शोषत राहतं. सहाव्या-सातव्या महिन्यानंतर वाढलेलं गर्भाशय जठराला खालून दाबतं, त्याची आणखी भर.

त्यामुळे एका तक्रारीवर केलेला उपाय दुसरीला चाळवतो. कसा, ते एका दिवसाच्या वेळापत्रकावरून पाहू.

समजा, कराड तालुक्यातल्या एका घरी सुनेला सातवा महिना लागला आहे. सकाळी सहाला चहा आणि दोन खारी. आठला पोहे आणि पुन्हा चहा, त्याच चहाबरोबर सरकारी दवाखान्यातून मिळालेली रक्तवाढीची लाल गोळी. दुपारी दोन भाकऱ्या, आमटी, खर्डा. "फायबर खा" असं कुणीतरी सांगितलं म्हणून आठवड्याभरापासून दोन वाट्या मटकीची उसळही. संध्याकाळी भडंग. रानातली माणसं घरी आली की रात्री साडेनऊला सगळ्यांबरोबर पोटभर जेवण, वर दिवसातली दुसरी कॅल्शियमची गोळी. तीन दिवस शौचाला झालं नाही म्हणून झोपताना अर्धा कप दुधात दोन चमचे इसबगोल. दहाला आडवं पडायचं, अकराला घशाशी आंबट आलं की उठून पाण्यात खायचा सोडा. मग शेजारची सांगते, "त्या लाल गोळीनंच होतंय, बंद कर." आणि गोळी बंद होते.

यातली बहुतेक पावलं चांगल्या हेतूनं टाकलेली आहेत. चुकतं ते वेळेत आणि प्रमाणात.

सोडा आणि फ्रूट सॉल्ट

खायच्या सोड्यानं दोन मिनिटांत ढेकर येते, म्हणून तो गुणकारी वाटतो. ती ढेकर म्हणजे आम्ल आणि सोड्याच्या संयोगातून सुटलेला कार्बन डायऑक्साइड. म्हणजे आधीच फुगलेल्या पोटात आपण गॅस तयार करतो. शिवाय सोड्यातून सोडियम भरपूर जातं. त्यानं अंगात पाणी साठू शकतं, आणि वारंवार घेतला तर रक्तातल्या आम्ल-अल्कलीचा तोलही बिघडतो. पायाला सूज किंवा रक्तदाब असेल तर तो टाळायलाच हवा. फ्रूट सॉल्टच्या पुडीतही मुख्यतः हाच सोडा असतो.

रात्रीच्या जळजळीवर खरा उपाय जेवणाच्या वेळेत आहे. जेवण आणि झोप यांत अडीच-तीन तासांचं अंतर हवं. एकत्र कुटुंबात साडेसातला एकटीनं जेवायला बसणं अवघड वाटतं, हे खरं आहे. पण या एका बदलाचा जितका उपयोग होतो तितका कुठल्याच काढ्याचा होत नाही, तेव्हा सासूबाईंनी तीन-चार महिने तेवढी मोकळीक द्यावी. रात्रीचं जेवणही हलकं असावं: अर्धी भाकरी आणि दोडक्याची किंवा दुधीची भाजी, नाहीतर वाटीभर मुगाची खिचडी. खर्डा, तळण, भडंग दुपारपर्यंतच, आणि तेही सोसत असेल तर. डोहाळजेवणाचं पंगतीचं जेवण दुपारी ठेवलं तर त्या रात्रीचा त्रास वाचतो.

डोक्याखाली तीन उशा रचणं ही आणखी एक नेहमीची चूक. त्यानं मान वर जाते, अंग कमरेत मुडपतं आणि पोटावर दाब वाढतो. उचलायची आहे ती छाती. कॉट असेल तर डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा ठेवून सहा इंच उंची द्या आणि कॉट हलत नाही ना ते बघा. दिवाण किंवा जमिनीवरचं अंथरूण असेल तर गादीखाली कमरेपासून वर घड्या घातलेल्या गोधड्यांचा उतार करा. डाव्या कुशीवर झोपलं की जठराचं तोंड आम्लाच्या पातळीपेक्षा वर राहतं, म्हणून जळजळ कमी होते.

घोटभर थंड दूध तात्पुरतं शमवतं. ग्लासभर साईचं दूध मात्र जठर उशिरा रिकामं करतं आणि तासाभरानं जळजळ परत येते. पुदिना थंड म्हणून घेतात, पण त्यानं झडप आणखी सैल होते. एवढं करूनही रोज त्रास होत असेल तर गरोदरपणात चालणारी अँटासिड औषधं आहेत, ती डॉक्टरांकडून लिहून घ्या. मेडिकलमधून आपल्या मनानं नको. त्यातल्या काहींनी खडा वाढतो, काहींनी शौचाला पातळ होते, आणि कोणती कुणाला हे सांगणारं माणूस हवं.

लाल गोळी बंद करू नका, तिची वेळ बदला

सरकारी कार्यक्रमात चौथ्या महिन्यापासून रोज एक गोळी असते, तीत 60 मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिड. लोहानं मळमळ, जळजळ आणि खडा होऊ शकतो, शेजारीण त्यात चुकलेली नाही. पण गोळी सोडली तर बाळंतपणात रक्त कमी पडण्याचा धोका अंगावर येतो, आणि तो खड्याहून फार मोठा आहे. शौचाचा रंग काळपट-हिरवा होतो तो न शोषलेल्या लोहामुळे, त्याला घाबरू नये. डांबरासारखी चिकट, उग्र वासाची शौच मात्र वेगळी. ती दिसली तर त्याच दिवशी दवाखाना.

चहाबरोबर घेतलेलं लोह नीट शोषलं जात नाही. कॅल्शियम आणि अँटासिडही त्याला अडवतात. म्हणून चहापासून किमान एक तास, कॅल्शियम आणि अँटासिडपासून दोन तास अंतर हवं. वरच्या घरातलं वेळापत्रक असं बसतं: सकाळी आठला नाश्त्यानंतर कॅल्शियम, साडेबाराला जेवण, अडीचला लाल गोळी साध्या पाण्याबरोबर, चारला चहा, रात्री साडेसातच्या जेवणानंतर दुसरं कॅल्शियम. डॉक्टरांनी झोपताना अँटासिड दिलं असेल तर तेही यात कुठे आडवं येत नाही. गोळी पचावी म्हणून लिंबूपाणी घेतात, पण जळजळ असताना त्याऐवजी पेरूच्या दोन फोडी बऱ्या. गोळी घेऊन लगेच आडवं पडू नका. तरीही सोसली नाही तर आशाताईंना किंवा सिस्टरना सांगा, गोळी किंवा तिचं प्रमाण बदलून मिळू शकतं.

इसबगोल कमी पाण्यात, आणि फायबर एकदम

इसबगोल स्वतः काही ढकलत नाही. ते पाणी धरून फुगतं आणि मळ मऊ करतं. अर्ध्या कप दुधात दोन चमचे टाकले तर धरायला पाणीच नसतं, मग तेच आतड्यात घट्ट बसतं. एक चहाचा चमचा इसबगोल मोठ्या ग्लासभर पाण्यात घाला, ढवळून लगेच प्या आणि वर आणखी एक ग्लास पाणी घ्या. त्याची वेळ संध्याकाळी पाचच्या सुमारास ठेवा. त्यामुळे लाल गोळी आणि कॅल्शियम दोन्हींपासून दोन तासांहून जास्त अंतर राहतं आणि पोट भरलेलं असताना आडवंही व्हावं लागत नाही. परिणाम दिसायला एक ते तीन दिवस लागतात. पहिल्या रात्री काही झालं नाही म्हणून चमचे वाढवू नका.

मटकीच्या दोन वाट्यांचंही तसंच. सवय नसताना एकदम वाढवलेलं फायबर आतड्यातले जंतू आंबवतात आणि पोट नगाऱ्यासारखं होतं. अर्ध्या वाटीपासून सुरुवात करा आणि चार-पाच दिवसांनी वाढवा. कडधान्य आठ-दहा तास भिजवून ते पाणी टाकून द्या, मोड आणा आणि मऊ शिजवा. ज्वारीची भाकरी, पालेभाजी आणि पेरू रोज असू द्या. तासगावच्या बेदाण्याचे दहा-बारा दाणे रात्री भिजवून सकाळी खाल्ले तरी चालतात, फक्त साखरेची तपासणी वाढीव आली असेल तर आधी विचारा. दिवसभरात आठ-दहा ग्लास पाणी हवं, जत-तासगावच्या उन्हाळ्यात त्याहून जास्त. ते जेवताना ढोसण्यापेक्षा जेवणांच्या मधल्या वेळेत प्या.

नाश्त्यानंतर वीस-तीस मिनिटांत आतडं आपोआप हालचाल करतं. ती वेळ कामात घालवू नका. कमोड असेल तर पायाखाली छोटं स्टूल घ्या आणि किंचित पुढे झुका. दहा मिनिटांत झालं नाही तर उठा. कुंथत बसल्यानं मूळव्याध होते.

एरंडेल मात्र पूर्ण वर्ज्य. त्यानं गर्भाशय आकुंचन पावू शकतं. सोनामुखी किंवा कोरफड असलेली चूर्णंही आपल्या मनानं घेऊ नका, "आयुर्वेदिक" लिहिलेल्या डब्यावरची घटकांची यादी वाचा. ओवा, हिंग, बडीशेप स्वयंपाकात आणि चिमूटभर ठीक, काढे करून नकोत.

हे सगळं एकाच दिवशी बदलू नका. आधी रात्रीच्या जेवणाची वेळ, तीन-चार दिवसांनी गोळ्यांची, मग इसबगोल. नाहीतर कशानं फरक पडला ते कळत नाही.

जळजळ नसलेली जळजळ

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पाचव्या महिन्यानंतर बरगडीखाली, विशेषतः उजवीकडे किंवा मध्यभागी, पोटाच्या वरच्या भागात दुखतं आणि घरचे म्हणतात, "पित्त झालंय." सोबत डोकं ठणकत असेल, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमकल्यासारखं होत असेल, तोंडा-हातांना अचानक सूज आली असेल, तर ते वाढलेल्या रक्तदाबाचं लक्षण असू शकतं. जळजळ छातीच्या मधून घशाकडे चढते, वाकल्यावर किंवा आडवं झाल्यावर वाढते आणि आंबट ढेकर येते. रक्तदाबाचं दुखणं अशा हालचालींनी फारसं बदलत नाही. पण या फरकावर विसंबून घरी थांबू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, रक्तदाब आणि लघवी तपासून घ्या. गाडी नसेल तर 108 ला फोन करा. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते, पण ही लक्षणं दिसल्यावर 9 तारखेची वाट पाहायची नसते.

गॅसचंही असंच. पोट ठरावीक वेळानं दगडासारखं कडक होऊन सैल पडत असेल, कंबर त्याच लयीत भरून येत असेल, तर त्या कळा असू शकतात. ओव्याचं पाणी पिऊन सकाळ होण्याची वाट पाहू नका. अंगावरून पाणी किंवा रक्त जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, उलट्यांसोबत वारा आणि शौच दोन्ही बंद होणं, यांनाही तोच नियम. शौचातून रक्त गेलं तर ते मूळव्याधीचंच असेल असं गृहीत न धरता दाखवून घ्या. आणि पाणी, जेवण, इसबगोल सगळं नीट करूनही आठवडाभरात खडा मोकळा झाला नाही, तर डॉक्टर लॅक्टुलोजसारखं गरोदरपणात चालणारं पातळ औषध देतात. त्यानं सुरुवातीला थोडा गॅस होतो, हे आधीच माहीत असलं म्हणजे ते मध्येच सोडलं जात नाही.