निबंधातला स्वतःचा अनुभव: दाखला कुठे संपतो, पुरावा कुठे लागतो

यूपीएससी मुख्य परीक्षेचा निबंधाचा पेपर 250 गुणांचा, तीन तासांचा. दोन निबंध, प्रत्येकी हजार ते बाराशे शब्द. हे तुम्हाला माहीतच आहे. मराठी माध्यमाच्या मुलांचे गुण जिथे हमखास जातात, त्या एकाच जागेबद्दल इथे लिहितो: स्वतःचा अनुभव.

2017 साली एक विषय आला होता. आशय असा, की भारतातल्या बहुसंख्य शेतकऱ्यांना पोटापुरतं देण्याची क्षमता शेतीने गमावली आहे. गावाकडून आलेल्या मुलाच्या हाताला हा विषय लगेच लागतो आणि तो लिहितो:

"माझ्या वडिलांकडे तीन एकर कोरडवाहू जमीन आहे. कापसाची वेचणी संपली की ते बांधकामावर मजुरीला जातात. यावरून सिद्ध होते की शेती आता पोट भरू शकत नाही."

पहिली दोन वाक्यं चांगली आहेत. तिसऱ्याने घात केला. विषयात 'बहुसंख्य' आहे आणि 'गमावली' आहे. पहिला शब्द किती जणांचं असं झालं ते विचारतो, दुसरा पूर्वी काय होतं आणि आता काय आहे ते. एका घराची कहाणी यातल्या एकाही प्रश्नाला उत्तर देत नाही. शेजारच्याने तीन एकरांत द्राक्षं लावून घर बांधलं असेल, तर तोही तितक्याच ठामपणे उलटं लिहील. तपासायचं असेल तर हेच करा: आपल्या किश्शासमोर उलटा किस्सा ठेवा. मुद्दा कोसळला, तर तुम्ही दाखल्यावर पुराव्याचं ओझं टाकलं होतं.

आता तोच परिच्छेद नीट उभा करू. राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार 2012-13 मध्ये शेतकरी कुटुंबाच्या सरासरी मासिक उत्पन्नात पिकांचा वाटा सुमारे 48 टक्के होता, 2018-19 मध्ये तो सुमारे 37 टक्क्यांवर आला. त्या वर्षी एकूण 10,218 रुपयांपैकी पिकांतून 3,798 रुपये आले आणि मजुरीतून 4,063. 'गमावली' या शब्दाला आधार मिळाला. पण सरासरी म्हणजे बहुसंख्य नव्हे, म्हणून 2015-16 ची कृषिगणना घ्या: देशातल्या सुमारे 86 टक्के जमीनधारणा दोन हेक्टरांच्या आतल्या. यानंतर वडील आणा, आणि जोडणारं वाक्य बदला:

"आकड्यांतली ही मजुरी घरात अशी दिसते: कापसाची वेचणी संपते, हाती आलेला पैसा कृषी केंद्राची उधारी फेडण्यात जातो, आणि पुढच्या पेरणीचं बियाणं बांधकामावरच्या रोजातून येतं."

आकडे मजुरी पिकांच्या पुढे गेली एवढं सांगतात. ती शेतीतच कशी मुरते ते त्यांतून कळत नाही. ते फक्त तुमच्या घरातून दिसतं. अनुभवाचं खरं काम हे, आणि ते छोटं नाही. त्यामुळे गावाकडचं लिहायला लाजू नका.

न्यायदर्शनातलं 'जिथे धूर तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघर' आठवा. स्वयंपाकघर दाखल्याला आहे, भार नियमावर आहे.

प्रमाणाचं म्हणाल तर एका निबंधात दोनच किस्से, प्रत्येकी साठ-सत्तर शब्दांचे. सुरुवातीला किस्सा घेतलात तर पुढच्याच परिच्छेदात 'हे एकाच घराचं आहे का?' याचं उत्तर द्या, नाहीतर पुढचा सगळा निबंध त्या घराभोवती फिरत राहतो. लिहून झाल्यावर 'यावरून', 'म्हणूनच', 'सिद्ध होते' हे शब्द शोधा. त्यांच्या मागे फक्त किस्सा असेल तर वाक्य खोडा.

क्लासमध्ये वाटले जाणारे तयार किस्से, तो रिक्षावाला, ती मोलकरीण, कृपा करून वापरू नका. परीक्षकाने तोच रिक्षावाला आधीच्या गठ्ठ्यात वाचलेला असतो. आणि 'भावनिक सुरुवात करा, गुण मिळतात' असं सांगणाऱ्या मार्गदर्शकाला एकदा विचारा, की त्यानंतरचा परिच्छेद कसा लिहायचा. उत्तर देता आलं तरच त्यांचं ऐका.

एका ठिकाणी मात्र एकटा अनुभवही पुरावा ठरतो. विधान 'कोणीही', 'कधीच', 'प्रत्येक' अशा शब्दांचं असेल, तर एक खरा अपवाद ते पाडतो. 'कोरडवाहू शेतीत नफा होऊच शकत नाही' याला एक नफ्यातलं कोरडवाहू शेत पुरतं. पण त्याने पडतं ते फक्त 'होऊच शकत नाही'. 'सहसा होत नाही' तसंच उभं राहतं, आणि ते पाडायला पुन्हा आकडेच लागतात.