अनोळखी ग्राहकाने चिडून उत्तर दिले, तर संवाद सन्मानाने कसा संपवावा

शिरोली एमआयडीसीतील एक छोटे मशीनशॉप कास्टिंगच्या मशीनिंगचे काम मिळावे म्हणून फौंड्रींच्या खरेदी अधिकाऱ्यांना व्हॉट्सॲपवर मेसेज पाठवते, असे समजा. तिसऱ्या मेसेजनंतर उत्तर येते : "माझा नंबर तुम्हाला दिला कोणी? कामाच्या वेळेत सारखे मेसेज. परत पाठवू नका."

सर्वप्रथम या उत्तरातील तक्रारी वेगळ्या करून पाहाव्यात. येथे नंबर कोठून मिळाला हा प्रश्न आहे, वारंवारतेचा त्रास आहे आणि थांबण्याची स्पष्ट सूचना आहे. मशीनिंगचा दर किंवा दर्जा याबद्दल मात्र एक अक्षरही नाही. म्हणून उत्तरात दराचा उल्लेख करणे गैर ठरते.

उत्तर लिहिण्यापूर्वी तो नंबर यादीतून काढावा आणि ठरवून ठेवलेले पुढचे मेसेज रद्द करावेत. हीच पायरी सर्वाधिक वेळा राहून जाते : मालक माफी मागतात आणि दोन दिवसांनी ऑफिसमधल्या दुसऱ्या मुलाच्या फोनवरून त्याच साहेबांना कोटेशन जाते. त्यानंतर कोणत्याही माफीवर विश्वास बसत नाही, आणि त्यांनी नंबर ब्लॉक करून रिपोर्ट केला, तर तक्रार करण्याचा हक्कही आपल्याला उरत नाही. म्हणून यादी सांभाळणारा प्रत्येक जण एकाच वहीत किंवा एकाच एक्सेल शीटमध्ये "संपर्क नको" अशी नोंद पाहील, अशी व्यवस्था करावी.

मग त्याच दिवशी, फोन न करता, लेखी उत्तर द्यावे :

"नमस्कार साहेब. तीन मेसेज पाठवून आपल्याला त्रास दिला, याबद्दल माफी मागतो. आपला नंबर एका औद्योगिक डिरेक्टरीतून घेतला होता. तो आमच्या यादीतून काढला असून आमच्याकडून यापुढे मेसेज येणार नाही."

नंबर कोठून मिळाला हे जसे असेल तसेच सांगावे. तो एखाद्या ओळखीच्या माणसाने दिला असेल, तर "एका परिचितांकडून मिळाला" एवढेच लिहावे, कारण नाव घेतल्यास राग त्याच्यावर निघतो. "त्रास झाला असल्यास क्षमस्व" या वाक्यातील "असल्यास" समोरच्याच्या तक्रारीवर शंका घेते, तेव्हा ते टाळावे. "पण एकदा आमचे काम पाहा" ही ओळ, कॅटलॉगची लिंक किंवा "कधी लागल्यास कळवा" असे काहीही जोडू नये, कारण त्यामुळे माफी हा चौथा मेसेज ठरतो.

यावर "ठीक आहे" असे आले, तर तेथेच थांबावे. आभाराचा मेसेजही नको. उलट "दिवाळीनंतर बघू" असे त्यांनी स्वतःहून लिहिले, तर तेवढीच परवानगी मानून दिवाळीनंतर एकदाच संपर्क करावा. शिवीगाळ आली, तर "आपला नंबर काढला आहे" एवढी एक ओळ पुरते. कायदेशीर कारवाईची भाषा आली, तर सगळा संवाद जपून ठेवावा आणि पुढचे उत्तर वकिलांना दाखवूनच द्यावे.