ओठावरचा फोड आणि ‘तोंड येणे’ यांत होणारी गल्लत: या चुका टाळा

दंतवैद्यक म्हणून काम करताना मला एक चूक वारंवार दिसते. ओठावर पाण्याने भरलेले फोड आलेली व्यक्ती ‘तोंड आले आहे’ असे सांगते आणि बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या घेत असते. हे दोन निरनिराळे विकार आहेत. एक संसर्गजन्य आहे आणि दुसरा नाही; म्हणून ही गल्लत केवळ नावापुरती राहत नाही.

तोंड येते तेव्हा जखम तोंडाच्या आत, गालाच्या किंवा ओठाच्या आतल्या मऊ त्वचेवर अथवा जिभेच्या कडेला व खालच्या बाजूस होते. ती गोल, उथळ, पिवळसर-पांढरी असून तिच्याभोवती लाल कडा असते आणि तिच्याआधी फोड येत नाही. दात लागणे, लोह, बी-१२ किंवा फोलिक आम्लाची कमतरता, मानसिक ताण अशी कारणे तिच्यामागे असू शकतात. ती कोणालाही लागत नाही. ओठावरचा पाण्याचा फोड मात्र हर्पीस नावाच्या विषाणूमुळे होतो आणि बहुधा ओठाच्या बाहेरच्या कडेवर येतो. आधी त्या जागी मुंग्या येतात, खाज किंवा जळजळ होते. मग बारीक फोडांचा झुबका उठतो, फोड फुटून पाझरतात, खपली धरते आणि साधारण ७ ते १० दिवसांत जागा भरून येते.

हा फोड पुन्हा पुन्हा त्याच जागी का येतो, हे समजले की बऱ्याच चुका आपोआप टळतात. त्याचा विषाणू बहुतेकांना लहानपणीच घरच्यांच्या लाळेतून मिळतो आणि त्या वेळी अनेकदा काहीच लक्षण दिसत नाही. त्यानंतर तो चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूच्या गाठीत, कवटीच्या आत कानाच्या पातळीवर, निपचित पडून राहतो. ताप, कडक ऊन, जागरण, मासिक पाळी किंवा ओठाला झालेली इजा यांमुळे तो जागा होतो आणि त्याच मज्जातंतूच्या वाटेने ओठावर उतरतो. ‘अंगातली उष्णता बाहेर पडली’ असे म्हणून लोक पथ्य करतात, पण त्या गाठीतून विषाणूला काढून टाकणारे औषध आजही उपलब्ध नाही. तेव्हा ज्यांना उन्हामुळे फोड येतो त्यांनी ओठांना ३० किंवा अधिक एसपीएफ असलेला बाम लावणे आणि तो पुन्हा पुन्हा लावत राहणे हा पथ्यापेक्षा खरा उपाय आहे.

एक उदाहरण पाहू. एका शिक्षिकेच्या ओठाला शुक्रवारी संध्याकाळी, दिवसभर उन्हात हळदीचा कार्यक्रम झाल्यावर, मुंग्या येऊ लागल्या. हीच औषधाची वेळ होती. विषाणूरोधक मलम दिवसातून ५ वेळा लावले असते, किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी सुरू केली असती, तर दुखणे थोडे कमी दिवस टिकले असते. मलमाचा लाभ फार तर एखाद्या दिवसाचा असतो, गोळीचा त्याहून थोडा अधिक, आणि दोन्हींचा उशिरा जवळजवळ नाहीच. त्यांनी मात्र घरात पडलेली, तोंड आल्यावर लावायची स्टेरॉइडची पेस्ट फोडावर चोळली. स्टेरॉइडमुळे त्या जागेची प्रतिकारशक्ती दबते आणि विषाणूला मोकळे रान मिळते. शनिवारी फोड वाढले, आणि रविवारी भाचीचे बारसे होते.

इथे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. बारा दिवसांच्या बाळाला या विषाणूचा संसर्ग झाला तर तो मेंदूपर्यंत व यकृतापर्यंत पोहोचून जिवावर बेतू शकतो. त्यांनी विचारले तेव्हा मी बारशाला न जाण्याचाच सल्ला दिला. नाइलाजाने अशा बाळाजवळ राहावेच लागले, विशेषतः आईलाच फोड आला असेल, तर तो झाकावा, मास्क लावावा, बाळाला उचलण्याआधी साबणाने हात धुवावेत आणि पापा घेऊच नये. फोड स्तनावर नसेल तर स्तनपान थांबवण्याची गरज नसते. फोड आलेल्या व्यक्तीने बाळाला हाताळले असेल आणि पुढच्या काही दिवसांत बाळाला ताप आला, ते दूध पिईना, सुस्त झाले किंवा अंगावर फोड दिसले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि फोडाची गोष्ट आवर्जून सांगावी.

खपली धरली म्हणजे धोका संपला, हाही गैरसमज आहे. खपली पडून खालची त्वचा पूर्ण भरेपर्यंत चुंबन, मुखमैथुन, एकच पेला, चमचा, टॉवेल किंवा लिपस्टिक वापरणे टाळावे. खपली नखाने काढू नये आणि मलम लावल्यावर हात धुवावेत. त्याच बोटाने डोळा चोळल्यास बुबुळाला संसर्ग होऊन दृष्टीवर परिणाम होऊ शकतो. डोळा लाल होऊन दुखू लागला, उजेड सहन होईनासा झाला, तर मलमावर न थांबता नेत्रतज्ज्ञाकडे जावे.

तोंडाच्या आतली कोणतीही जखम ३ आठवड्यांत भरली नाही, तर मात्र ‘तोंड आले आहे’ म्हणून थांबू नये. तंबाखू किंवा गुटखा खाणाऱ्यांनी तर ती लगेच दंतवैद्यकाला दाखवावी, कारण तोंडाच्या कर्करोगाची सुरुवात अशीच, अनेकदा न दुखणाऱ्या जखमेने होते.