मिक्सरचं माहितीपुस्तक लिहिताना

पहिल्या पानावर पंचवीस सूचना कोंबल्या की एकही वाचली जात नाही. तिथे जीव किंवा बोट जाईल एवढ्याच ठेवा: पात्याला हात लावण्याआधी प्लग काढा, मोटरचा भाग पाण्याखाली धरू नका. 'गरम सांबार भांड्यात भरू नका' ही सूचना वाटण्याच्या कृतीतच, भांडं भरण्याच्या पायरीच्या आधी द्या. नंतर दिली तर तोवर झाकण उडालेलं असतं.

मग भाग, जोडणी, वापर, सफाई हे ओघाने येतं.

खरी कसोटी शेवटच्या पानांची, कारण मिक्सर बंद पडल्यावरच पुस्तक शोधलं जातं. तिथे 'ओव्हरलोड' असं शीर्षक नको, घरात बोलतात तेच लिहा: 'वाटता वाटता मिक्सर बंद पडला'. खाली उपाय क्रमाने: बटण शून्यावर आणा, प्लग काढा, भांड्यातलं थोडं वाटण कमी करा, मोटर निवू द्या, मग तळाचं लाल बटण दाबा. शून्यावर आणायचं राहिलं आणि प्लग तसाच असला, तर लाल बटण दाबताच पातं फिरू लागेल. पुन्हा बंद पडला किंवा जळका वास आला, तर दुरुस्ती केंद्र. तो फोन नंबर त्याच पानावर छापा.