या चुका टाळा: अटेन्शनचा गडद रंग पाहून मॉडेलचं कारण ठरवू नका

यवतमाळ जिल्ह्यात आम्ही तिघं-चौघं मिळून शेतकऱ्यांचे मेसेज वेगळे करणारं एक लहान मॉडेल चालवतो. मेसेज किडीबद्दल आहे की अन्नद्रव्याच्या कमतरतेबद्दल, एवढंच ते सांगतं, आणि त्यावरून मेसेज योग्य माणसाकडे जातो. मॉडेल बर्टच्या घडणीचं आहे, म्हणजे बारा थर आणि प्रत्येक थरात शब्दांकडे आपापल्या परीने पाहणारे बारा हेड. गेल्या हंगामात त्यात एक चूक सापडली. ती इतके दिवस लपून राहिली याचं कारण आम्ही अटेन्शनच्या नकाशावर ठेवलेला विश्वास. मॉडेल कोणत्या शब्दाकडे किती लक्ष देतं ते हा नकाशा दाखवतो, जास्त लक्ष तितका रंग गडद.

मेसेज असा होता: «साहेब, पऱ्हाटीवर अळी नाही पण पानं लाल पडून राह्यली.» मॉडेलचं उत्तर आलं ‘अन्नद्रव्य’. उत्तर बरोबर होतं, कारण लक्षणं लाल्याची, म्हणजे अन्नद्रव्य कमी पडून पानं लाल होण्याची होती. शेवटच्या थरातल्या बाराही हेडची सरासरी काढून रंगीत नकाशा केला, तर शब्दांमध्ये ‘लाल’ सगळ्यात गडद दिसत होता. माझा सोबती म्हणाला, «पाय ना भाऊ, बरोबर लालवरच पाहून राह्यलं!» आम्ही खूश झालो आणि पुढे गेलो.

दोन आठवड्यांनी बोंडअळीबद्दलचा एक अगदी सरळ मेसेज अन्नद्रव्याकडे गेला. त्यात ‘लाल’ शब्द नव्हताच, ‘साहेब’ मात्र होता.

पहिली चूक: वेटलाच परिणाम समजणं

अटेन्शनमध्ये प्रत्येक टोकनचे, म्हणजे शब्दाचे किंवा त्याच्या तुकड्याचे, दोन भाग लागतात. एक वेट, म्हणजे त्या टोकनकडून किती घ्यायचं, आणि दुसरा व्हॅल्यू व्हेक्टर, म्हणजे घेण्यासारखं तिथे काय आहे. पुढे जातो तो या दोन्हींचा गुणाकार. नकाशात फक्त वेट दिसतं. जिनिंगच्या फाटकावर कोणाच्या किती गाड्या आल्या एवढंच मोजलं आणि गाडीत कापूस किती हे पाहिलंच नाही, असा हा हिशेब होतो.

समजा एका टोकनचं वेट 0.60 आहे, पण त्याच्या व्हेक्टरची लांबी 0.1 आहे. त्याचा वाटा झाला 0.06. दुसऱ्याचं वेट फक्त 0.08, पण लांबी 2. त्याचा वाटा 0.16. नकाशात पहिला गडद, कामाला जास्त आला दुसरा.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. सॉफ्टमॅक्समुळे एका ओळीतल्या सगळ्या वेटची बेरीज 1 व्हावीच लागते. एखाद्या हेडला या वाक्यात काही काम नसलं तरी त्याला ते वेट कुठेतरी टाकावंच लागतं. बर्टमध्ये ते बहुतेक वेळा वाक्य संपल्याच्या `[SEP]` या खुणेवर जातं. क्लार्क आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये मधल्या थरांत हे भरपूर प्रमाणात दाखवलं. 2020 मध्ये कोबायाशी आणि सहकाऱ्यांनी व्हेक्टरची लांबी धरून पुन्हा मोजलं, तेव्हा त्या खुणेचा खरा वाटा फारच लहान निघाला. आम्ही नकाशा सुंदर दिसावा म्हणून `[SEP]` चा रकानाच काढून टाकत होतो. त्यामुळे उरलेले शब्द होते त्याहून महत्त्वाचे दिसायला लागले.

दुसरी चूक: वरच्या थरातल्या ‘लाल’ला अजूनही ‘लाल’च समजणं

आमची खरी चूक ही होती. दहा जणांचा कापूस एका गंजीत पडला की पुढच्या गाठीतला कोणता पुंजका कोणाच्या वावरातला, हे गाठीकडे पाहून सांगता येत नाही. ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रत्येक थरात हेच होतं. पहिल्या थरानंतरच ‘लाल’च्या जागेवरच्या व्हेक्टरमध्ये शेजारच्या शब्दांची माहिती मिसळलेली असते. मूळ शब्दाचा अंश रेसिड्युअल जोडणीने पुढे येतो, पण तो एकटा उरत नाही. अकरा थर ओलांडून बाराव्यात पोचेपर्यंत त्या जागेवर ‘साहेब’बद्दलचीही माहिती येऊन बसलेली असू शकते. शेवटच्या थराचा नकाशा फक्त जागा दाखवतो. त्या जागेत काय साठलंय, हे त्यातून कळत नाही.

मग तपासायचं कसं

इनपुटलाच हात घाला. शब्द काढा किंवा बदला आणि उत्तर किती हलतं ते मोजा. मोजताना टक्केवारी घेऊ नका, लॉजिटमधला, म्हणजे मॉडेल प्रत्येक वर्गाला देतं त्या कच्च्या गुणांमधला, फरक घ्या. दोन वर्ग असताना शक्यता 0.99 वरून 0.97 वर आली तर काही झालंच नाही असं वाटतं, पण लॉजिटमधला फरक 4.6 वरून 3.5 वर आलेला असतो.

```python
model.eval()
def farak(text):
    inp = tok(text, return_tensors="pt")
    with torch.no_grad():
        z = model(**inp).logits[0]
    return (z[ANNA] - z[KID]).item()
```

पूर्ण मेसेजचा फरक 3.1 आला. ‘लाल’ काढला तर 2.8. इथे लगेच निकाल देऊ नका, कारण एकच गोष्ट दोन शब्द मिळून सांगत असतील तर एक काढल्याने फारसं बिघडत नाही. म्हणून ‘पानं लाल’ दोन्ही काढले, तरी 2.3 राहिला. मग फक्त ‘साहेब’ काढला आणि फरक झाला उणे 0.9. उत्तर ‘कीड’कडे पलटलं. नकाशात हा शब्द जवळपास पांढरा होता.

शब्द काढल्यावर वाक्य तुटकं होतं, आणि तसं वाक्य मॉडेलने शिकताना पाहिलेलंच नसतं. मग उत्तर त्या तुटकेपणामुळेही हलू शकतं. म्हणून आम्ही ‘साहेब’च्या जागी ‘भाऊ’, ‘दादा’, ‘नमस्कार’ घालून पाहिलं. तिन्ही वेळा उत्तर ‘कीड’. उलट किडीच्या मेसेजांना पुढे ‘साहेब’ जोडला, तर निम्म्याहून जास्त मेसेज अन्नद्रव्याकडे गेले.

आणखी एक लक्षात घ्या. टोकनायझर ‘पऱ्हाटीवर’सारख्या शब्दाचे तुकडे करतो. एकच तुकडा काढून मोजाल तर मोजमापाला अर्थ नाही, अख्खा शब्द काढा.

कारण प्रशिक्षणाच्या माहितीत सापडलं. अन्नद्रव्याचे बहुतेक मेसेज एकाच गावातल्या प्रशिक्षणानंतर गोळा केलेले होते, आणि तिथे सगळ्यांनी सुरुवात ‘साहेब’नेच केली होती.

उलट टोकाला जाणं हीही चूकच

जैन आणि वॉलेस यांनी 2019 मध्ये दाखवलं की वेट अगदी वेगळी केली तरी उत्तर जवळपास तेच ठेवता येतं. पण त्यांचे प्रयोग मुख्यतः एलएसटीएम या जुन्या घडणीवर अटेन्शन लावलेल्या मॉडेलांवर होते. त्याच वर्षी विग्रेफ आणि पिंटर यांनी आक्षेप घेतला की प्रत्येक वाक्यासाठी वेगळी वेट शोधून काढणं आणि अख्खं मॉडेल तशी वेट शिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा आक्षेप मला पटतो. एखादं हेड कुठे पाहतं हे शोधायला नकाशा उपयोगी आहे आणि मी तो आजही काढतो. मात्र ‘या शब्दामुळे हे उत्तर आलं’ असं म्हणायचं असेल तर शब्द बदलून पाहावाच लागतो.

नकाशा काढताना नवीन आवृत्तीत `output_attentions=True` दिलं तरी वेट मिळाली नाहीत, तर मॉडेल उघडताना `attn_implementation="eager"` द्या. वेगवान पद्धतीत ही वेट बाहेर काढलीच जात नाहीत.

शेवटी आम्ही संबोधनं दोन्ही वर्गांत सारखी वाटली आणि मॉडेल पुन्हा शिकवलं. आता त्याच मेसेजमधून ‘साहेब’ काढला तर फरक 0.2 नेही हलत नाही, आणि ‘पानं लाल’ काढले की उत्तर पलटतं. नवीन मॉडेलचा नकाशाही काढला. त्यात ‘लाल’ गडद आहे आणि ‘साहेब’ जवळपास पांढरा, अगदी आधीसारखाच.