शेपूट हलतंय म्हणजे कुत्रा खूश आहे असं नसतं

सोसायटीत कुणाचा तरी नवीन कुत्रा दिसला की पोरं पळत जाऊन थेट डोक्यावर हात ठेवतात, आणि आईबाबा म्हणतात अरे शेपूट हलवतोय, काही नाही करणार. शेपूट हलतंय म्हणजे तो फक्त एक्साइट झालाय, खूश आहे की टेन्शनमध्ये ते बाकीच्या अंगावरून कळतं. शेपूट मध्यावर, सैल, कंबरेसकट सगळं अंग हलतंय, तोंड थोडं उघडं, तर ठीक. पण शेपूट काठीसारखं ताठ वर आणि नुसतं टोक भराभर थरथरतंय, अंग पुढे झुकून आखडलेलं, तोंड मिटलेलं, तर तिथेच थांबा. पायात शेपूट घातलेला तर घाबरलेला असतो, आणि कोपऱ्यात सापडला की तोही चावतो.

आधी मालकाला विचारा. हो म्हणाले तरी आपण जायचं नाही, दोनेक हात लांब, थोडं तिरकं उभं राहायचं, डोळ्यात रोखून बघायचं नाही आणि हात खाली सैल सोडायचे. तो आला तर वास घेऊ द्या, नाकासमोर हात नेऊ नका. आणि वास घेतला म्हणजे हात लावायची परवानगी मिळाली असं नाही हं, तो फक्त तुमची माहिती काढतोय! वास घेऊनही तो सैल अंगाने जवळच थांबला तर छातीला किंवा खांद्याला तीन सेकंद खाजवा आणि हात काढा. परत अंगाला घासला तर अजून हवंय, तोंड फिरवलं किंवा ओठ चाटले तर बास.